आकडा अपलोडचा, प्रत स्वतःची

तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाची व्याख्यानमाला आता निमंत्रणपत्रिकेवर यूट्यूबची लिंक छापते. पुण्या-मुंबईला गेलेली मुले, अमेरिकेत मुलीकडे राहायला गेलेले जुने सभासद, घरातून बाहेर पडू न शकणारे आजोबा असे सगळे त्या लिंकवर येऊन बसतात. साहित्य बहुतेक गावात असतेच: कुणाचा तरी लॅपटॉप, एक वेबकॅम, एक ट्रायपॉड आणि फोनचा हॉटस्पॉट. तरीही अशा प्रक्षेपणांत चित्र गोठते, आवाज तुकड्यातुकड्यांनी येतो आणि दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग उघडावे तर त्यातही तेच तुकडे सापडतात. दोष कॅमेऱ्याचा क्वचितच असतो. बहुतेक वेळा दोनच निर्णय चुकलेले असतात: बिटरेटचा आकडा लाइनला न पेलणारा असतो आणि जपून ठेवायची प्रतही त्याच लाइनच्या भरवशावर सोडलेली असते.

एक उदाहरण घेऊन हे दोन्ही निर्णय नीट पाहू. वाचनालयाचे सभागृह, दीडदोनशे श्रोते, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ व्याख्यान, इंटरनेट फोरजी फोनचे.

सगळ्यात आधी करायचे एक काम कार्यक्रमाच्या दिवसावर ढकलता येत नाही. यूट्यूब चॅनेलवर लाइव्हची सोय पहिल्यांदा सुरू करताना फोन नंबरची पडताळणी होते आणि परवानगी मिळायला 24 तासांपर्यंत वेळ लागू शकतो. शिवाय फोनमधल्या यूट्यूब ॲपवरून थेट प्रक्षेपण करायचे तर चॅनेलला किमान 50 सबस्क्रायबर असावे लागतात. वाचनालयाचे नवे चॅनेल इथेच अडते. लॅपटॉपवरून केलेल्या प्रक्षेपणाला ही अट नाही.

लॅपटॉपवरही दोन मार्ग आहेत. ब्राउझरमध्ये यूट्यूब उघडून सरळ वेबकॅम निवडला की पाच मिनिटांत लाइव्ह जाता येते, पण तिथे बिटरेट आपल्या हातात नसतो आणि लॅपटॉपवर प्रतही उरत नाही. फोनच्या ॲपचेही साधारण तसेच. म्हणून घरगुती सत्यनारायणासाठी तो मार्ग पुरे, व्याख्यानमालेसाठी नाही. व्याख्यानमालेसाठी ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर वापरावे. पहिल्यांदा ते अवघड वाटते, पण आपल्याला त्यातल्या तीन-चार खिडक्याच लागतात. हातात फक्त फोन असेल आणि लॅपटॉप मिळतच नसेल, तर लॅरिक्स ब्रॉडकास्टरसारखे ॲप घ्यावे. त्यात बिटरेट ठरवता येतो आणि प्रक्षेपण चालू असतानाच फोनमध्ये रेकॉर्डिंगही करता येते.

आता बिटरेट. दर सेकंदाला आपण किती माहिती वर पाठवतो, तो हा आकडा. 1500 केबीपीएस म्हणजे सेकंदाला पंधरा लाख बिट. कॅमेऱ्यातून येणारे चित्र याहून कितीतरी पट मोठे असते. ते आटवण्याचे काम एन्कोडर करतो आणि त्यासाठी तो आधीच्या चित्रापेक्षा नव्या चित्रात काय बदलले तेवढेच मुख्यतः पाठवतो. टेबलामागे उभा राहून बोलणारा वक्ता आणि स्थिर पडदा यांत बदल थोडा असतो, म्हणून त्याला थोडे बिट पुरतात. लेझीमचे पथक, ढोल-ताशा किंवा मागे सतत लुकलुकणारी रोषणाई असेल तर प्रत्येक चित्रात जवळजवळ सगळेच बदलते आणि तोच आकडा अपुरा पडून चेहऱ्यांवर चौकोन दिसू लागतात.

इथे प्रकाशाचाही हिशोब येतो आणि तो फार थोडे लोक करतात. अंधुक सभागृहात वेबकॅमच्या चित्रात बारीक दाणे वळवळतात. एन्कोडरला ती हालचालच वाटते आणि वक्त्याच्या चेहऱ्यासाठीचे बिट तो दाण्यांवर खर्च करतो. त्यातच अनेक वेबकॅम प्रकाश कमी पडला की सेकंदाला 30 ऐवजी 15 चित्रेच घेतात, त्यामुळे हात हलवला की तो अडखळत हलतो. अशा वेळी बिटरेट वाढवून उपयोग नाही. वक्त्याच्या समोरून, थोडा बाजूने, एक चांगला एलईडी दिवा लावला की त्याच आकड्यात चित्र स्वच्छ होते. महाग वेबकॅम घेण्याआधी दोन-अडीचशे रुपयांचा दिवा लावून पाहावा, असे माझे ठाम मत आहे.

मग आकडा किती ठेवायचा? 720p आणि सेकंदाला 30 चित्रे या दर्जासाठी यूट्यूब सुमारे 4 एमबीपीएस सुचवते. तो सल्ला चांगल्या लाइनवाल्यांसाठी ठीक आहे. आपल्याला सुरुवात उलट टोकाकडून करायची आहे, म्हणजे आपल्या जागेवरून वर किती जाते तिथून. मोबाइलच्या जाहिरातीत दिसतो तो वेग डाउनलोडचा. प्रक्षेपणाला अपलोड लागतो आणि तो बहुधा बराच कमी असतो.

तो मोजण्याची जागा ट्रायपॉड उभा राहणार ती आणि वेळ कार्यक्रमाची. समजा दुपारी रिकाम्या सभागृहात स्पीड टेस्ट लावली आणि अपलोड 11 एमबीपीएस आला. खूश होऊन कुणीही 6000 केबीपीएसचा आकडा टाकील. पण संध्याकाळी दीडशे माणसे दीडशे फोन घेऊन त्याच टॉवरच्या छायेत येऊन बसतात आणि गावही कामावरून घरी येऊन व्हिडिओ पाहू लागते. साडेसहाला, सातला, साडेसातला तीच चाचणी घेतली तर 7, 5.2 आणि 3.6 असे आकडे येऊ शकतात. आपला आकडा यांतला सगळ्यात लहान, 3.6, आणि त्याचाही निम्मा: 1.8 एमबीपीएस. निम्मा अशासाठी की स्पीड टेस्ट काही सेकंदांचा जोर दाखवते, प्रक्षेपणाला मात्र दोन तास, प्रत्येक सेकंदाला तेवढे वर जावे लागते. मध्येच लाइन क्षणभर थबकली तर मागे पडलेले भरून काढायलाही जागा हवी. म्हणून चित्राला 1500 केबीपीएस आणि आवाजाला 128, एकूण 1628. उभ्या वक्त्याच्या 720p चित्राला हे पुरते.

असे केल्यावर यूट्यूबच्या नियंत्रणाच्या पानावर बिटरेट शिफारशीपेक्षा कमी असल्याची सूचना दिसते. तिला घाबरू नये. ती फक्त दर्जाबद्दल बोलते. घाबरायची सूचना वेगळी आहे: यूट्यूबपर्यंत पुरेसा व्हिडिओ पोचत नसून प्रेक्षकांना तो अडखळत दिसेल, असे सांगणारी. पहिली सूचना टाळण्यासाठी आकडा वाढवला की दुसरी ओढवते.

आवाजाच्या 128 केबीपीएसमध्ये काटकसर करू नये. वाचतात ते थोडेच बिट, आणि व्याख्यानात चित्र धूसर झाले तरी लोक ऐकत राहतात, पण आवाज फाटला की लिंक बंद करतात. आवाज घ्यावा साउंडवाल्याच्या मिक्सरमधून. मिक्सरच्या REC OUT मधून निघणारी वायर थेट लॅपटॉपच्या भोकात खुपसली तर आवाज बहुधा फाटतो, कारण ते भोक माइकच्या क्षीण सिग्नलसाठी असते आणि मिक्सरचा सिग्नल त्याच्या कितीतरी पट जोरकस. मध्ये लाइन इनपुट असलेले छोटे यूएसबी साउंड कार्ड लावावे. ओबीएसमधला आवाजाचा पट्टा बोलताना पिवळ्यात खेळावा, लालात टेकू नये.

डेटाचाही हिशोब याच आकड्यातून निघतो. समजा फोनवर रोज 2 जीबीचा पॅक आहे आणि आपण 2500 केबीपीएसचा आकडा ठेवला. आवाज धरून सेकंदाला 2.6 मेगाबिट, म्हणजे दोन तासांना सुमारे 2.4 जीबी. पॅक साधारण एक तास चाळीस मिनिटांनी संपतो आणि त्यानंतर अनेक पॅकमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो. त्यात आपला आवाजसुद्धा मावत नाही. व्याख्यान रंगात आलेले असताना, शेवटच्या वीस मिनिटांत प्रक्षेपण मरते आणि सगळे रेंजला दोष देतात. 1628 केबीपीएसला तेच दोन तास दीड जीबीच्या आत बसतात. तरी त्या दिवशी सकाळपासून त्या सिमवर दुसरे काही पाहू नये आणि डेटाचे एक जादाचे रिचार्ज आधीच मारून ठेवावे.

हॉटस्पॉटचा फोन लॅपटॉपला वायफायने जोडण्यापेक्षा केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करावे. गर्दीच्या सभागृहात वायफायची हवाही गजबजलेली असते, आणि केबलने फोन चार्ज होत राहतो. दोन सिमच्या फोनमध्ये दुसऱ्या सिमवर कॉल आला की पुष्कळदा पहिल्याचा डेटा थांबतो, म्हणून दुसरे सिम बंद ठेवावे आणि पहिल्यावरचे कॉल दुसरीकडे वळवावेत. फोन कव्हर काढून, उन्हापासून दूर, खिडकीजवळ ठेवावा. तापलेला फोन आपला वेग आपणच कमी करतो.

आता ओबीएसमध्ये हे आकडे कुठे जातात ते पाहू. Settings मध्ये Video खाली Output (Scaled) Resolution 1280x720 आणि FPS 30. Output खाली Output Mode ला Simple, Video Bitrate ला 1500, Audio Bitrate ला 128. Stream खाली यूट्यूब निवडून खाते जोडावे किंवा स्ट्रीम की टाकावी. ही की पासवर्डइतकीच जपायची असते. समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती टाकली तर ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या चॅनेलवर आपला व्हिडिओ दाखवू शकतो.

यूट्यूबच्या बाजूला कार्यक्रम आधी शेड्यूल करावा म्हणजे पत्रिकेसाठी लिंक मिळते, आणि तिथला Auto-stop चा पर्याय बंद करावा. या एका बटणाने किती कार्यक्रम वाचतील! तो चालू असेल तर आपल्याकडून व्हिडिओ येणे थांबले की यूट्यूब कार्यक्रम संपला असे समजू शकते. नेट दोन मिनिटे गेले, ओबीएस पुन्हा जोडले गेले, पण पत्रिकेवरची लिंक तोवर मेलेली असते. Auto-stop बंद असेल तर खंडानंतर त्याच लिंकवर व्याख्यान पुढे सुरू होते. विलंबाच्या पर्यायांत Normal latency निवडावे. काही सेकंद उशिरा दिसते, पण प्रेक्षकांच्या बाजूला साठा राहतो आणि छोटे खंड त्यांना जाणवत नाहीत. व्याख्यानात दहावीस सेकंदांच्या उशिराने कुणाचेही नुकसान होत नाही.

कार्यक्रम चालू असताना एका माणसाचे लक्ष ओबीएसच्या Stats खिडकीवर असावे. तिथे चित्रे गळण्याची तीन कारणे तीन ओळींत वेगवेगळी दिसतात. Dropped Frames (Network) वाढत असेल तर नेट कमी पडते आहे. Skipped frames due to encoding lag वाढत असेल तर नेटचा काही संबंध नाही, लॅपटॉप दमला आहे. ब्राउझरच्या खिडक्या बंद करा, चार्जर लावला आहे ना ते बघा. रेंडरिंगची ओळ वाढली तर ओझे ग्राफिक्सवर आहे. आजाराचे निदान इथे होते आणि ते न करता सतत सिम बदलत बसणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. टक्केवारी लहान दिसली म्हणून फसू नये. दोन तासांत 2,16,000 चित्रे जातात. त्यातली एक टक्का गळली तर 72 सेकंदांची चित्रे गेली.

दुसरा निर्णय प्रतीचा. यूट्यूब 12 तासांच्या आतल्या प्रक्षेपणाची प्रत आपोआप ठेवते, म्हणून अनेकांना वेगळे रेकॉर्डिंग अनावश्यक वाटते. पण यूट्यूबकडे जे पोचले तेच त्या प्रतीत असते. नेट चार मिनिटे गेले असेल तर ती चार मिनिटे तिथे कायमची नाहीत. खरी प्रत नेटच्या अलीकडे, आपल्या सभागृहातच तयार व्हायला हवी.

ओबीएसच्या Settings मध्ये General खाली Automatically record when streaming वर खूण केली की प्रक्षेपणाबरोबर रेकॉर्डिंग आपोआप सुरू होते, विसरण्याचा प्रश्नच नाही. Output मध्ये Recording Quality ला Same as stream ठेवले तर एन्कोडर एकदाच काम करतो आणि तेच चित्र दोन्हीकडे जाते. जुन्या लॅपटॉपला हेच झेपते. नेटमुळे गळलेली चित्रे या फायलीत शाबूत असतात, कारण ती गळतात पाठवताना, आणि फाइल त्याआधीच लिहिली जाते. दर्जा मात्र तोच 1500 चा. वरचा दर्जा निवडला तर लॅपटॉपला दोनदा एन्कोड करावे लागते आणि तो दुबळा असेल तर रेकॉर्डिंगच्या हव्यासापायी प्रक्षेपण अडखळते.

इथे एक गुंता आहे. Advanced खाली, नेट मंदावले तर बिटरेट आपोआप उतरवण्याची सोय आहे. खराब रेंजच्या गावात ती फार कामाची. पण रेकॉर्डिंग Same as stream असेल तर एन्कोडर एकच असल्याने नेट मंदावल्यावर फाइलमधले चित्रही धूसर होते. म्हणजे लॅपटॉपवरची प्रत नेटपासून पूर्ण सुटलेली राहत नाही. यावर माझा उपाय साधा आहे: ही सोय चालू ठेवावी, लॅपटॉपची फाइल हाताशी असू द्यावी, आणि मुख्य प्रत दुसऱ्या फोनवर घ्यावी.

दुसरा फोन म्हणजे कुणाचाही बऱ्यापैकी कॅमेरा असलेला फोन, ट्रायपॉडवर आडवा, विमान मोडवर, चार्जर लावलेला, साध्या कॅमेरा ॲपमध्ये 1080p आणि 30 चित्रांवर. त्याला ना नेट लागते ना ओबीएस. मिनिटाला साधारण 130 एमबी धरले तर दोन तासांना पंधरा-सोळा जीबी लागतात, म्हणून 20 जीबी मोकळी जागा करून ठेवावी. त्याचा आवाज सभागृहाचा, घुमणारा येतो. त्याची चिंता नको. लॅपटॉपच्या फाइलमधला मिक्सरचा स्वच्छ आवाज नंतर त्या चित्राला जोडता येतो. दोन्हीकडे जुळवायला खूण मिळावी म्हणून सुरुवातीला मिक्सरला जोडलेल्या माइकजवळ, फोनच्या कॅमेऱ्याला दिसेल अशी एक टाळी वाजवावी.

लॅपटॉपवरच्या फाइलचा प्रकार MKV ठेवावा. साध्या MP4 फाइलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवताना शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली आणि लॅपटॉप बंद पडला तर दीड तासाची फाइल असूनही उघडत नाही. MKV त्या क्षणापर्यंतची शाबूत राहते. नंतर ओबीएसच्याच File मेन्यूतल्या Remux Recordings मधून तिची MP4 दर्जा न गमावता काही मिनिटांत होते. ओबीएसच्या नव्या आवृत्तीतला Hybrid MP4 हा प्रकारही असाच सुरक्षित आहे.

हे सगळे आदल्या दिवशी त्याच वेळेला वीस मिनिटे चालवून पाहावे, Unlisted ठेवून. घरी बसलेल्या एखाद्याने वेगळ्या कंपनीच्या नेटवर ते पाहावे आणि फोनवर सांगावे. सभागृहातल्याच नेटवर पाहिले तर आपलाच अपलोड आपण खातो. कार्यक्रमाआधी लाउडस्पीकरवर सिनेमाची गाणी लागत असतील तर ती संपेपर्यंत ओबीएसमधला आवाज बंद ठेवावा. हक्क असलेले संगीत ओळखून यूट्यूब प्रक्षेपण मध्येच थांबवू शकते. आणि वक्त्याला रेकॉर्डिंग ठेवू का, नेटवर ठेवू का, हे आधी विचारावे.

कार्यक्रम संपल्यावर ट्रायपॉड गुंडाळण्याआधी दोन्ही फायली उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट पाहावा, आवाजासकट. खंड पडलेल्या प्रक्षेपणाचा व्हिडिओ यूट्यूबवर त्याच लिंकवर बदलता येत नाही. चांगली प्रत नवा व्हिडिओ म्हणून चढवून जुन्याच्या वर्णनात तिची लिंक द्यावी. पेनड्राइव्हवर प्रत घेताना एक अडचण हमखास येते: FAT32 पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह 4 जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, जागा रिकामी असली तरी. तो exFAT करून ठेवावा. फाइलला तारीख आणि वक्त्याचे नाव द्यावे, एक प्रत वाचनालयाच्या संगणकावर आणि एक दुसऱ्या जागी ठेवावी, आणि त्या दोन्ही तिथे उघडून पाहिल्याशिवाय फोनमधली मूळ फाइल कृपा करून पुसू नये.